पॅकेज १८ लाखांचं की १६ लाखांचं? दोन ऑफर्सचा हिशोब कसा मांडायचा

दोन ऑफर्स हातात आहेत. एक १८ लाखांची, दुसरी १६ लाखांची. काम साधारण सारखं, शहर तेच, दोन्ही कंपन्या बऱ्या. घरी सांगितलं तर उत्तर ठरलेलं: "दोन लाख कोण सोडतं?" पण हे दोन लाख खात्यात येणार आहेत का, हे पॅकेजच्या आकड्यावरून कळत नाही. पॅकेज म्हणजे सीटीसी, कंपनीला तुमच्यामागे वर्षाला पडणारा खर्च. त्यात तुमचा पगार असतो आणि तुम्हाला कधीच न दिसणारे पैसेही असतात.

या लेखात अशाच दोन ऑफर्स शेवटपर्यंत सोडवून दाखवतो. आकडे उदाहरणासाठी घेतलेत, पण रचना नेहमीच्या ऑफर लेटरमधलीच आहे. दोन्ही नोकऱ्या महाराष्ट्रात आहेत आणि करासाठी २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे नव्या करप्रणालीचे दर धरले आहेत.

आधी ब्रेकअप मागवा

फोनवर एचआर सांगते तो आकडा आणि मेलमध्ये येणारं पहिलं पान, या दोन्हींवरून काही ठरवू नका. ऑफर लेटरच्या मागे पगाराच्या रचनेचं एक अ‍ॅनेक्शर असतं, ते हवं. काही कंपन्या ते होकार दिल्यावर पाठवतात. होकाराआधीच मागा. मेल साधा असू दे: "नमस्कार मॅडम, निर्णय घेण्याआधी पगाराचं महिना आणि वर्षवार ब्रेकअप पाठवाल का? कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता आणि जॉइनिंग बोनस यांपैकी काय काय पॅकेजमध्ये धरलंय, तेही कळवा." यात कुणाला वाईट वाटण्यासारखं काही नाही. ब्रेकअप द्यायला टाळाटाळ होत असेल, तर ती गोष्टही लक्षात ठेवावी.

आपल्या दोन ऑफर्सचं ब्रेकअप असं आलं (सगळे आकडे वार्षिक, रुपयांत):

| | पहिली ऑफर | दुसरी ऑफर |
|---|---|---|
| बेसिक | ६,२४,००० | ७,४८,८०० |
| एचआरए आणि स्पेशल अलाउन्स | ६,२४,००० | ६,९३,६०० |
| व्हेरिएबल | २,७०,००० | १,००,००० |
| जॉइनिंग बोनस | १,५०,००० | नाही |
| कंपनीचा पीएफ | ७४,८८० | २१,६०० |
| ग्रॅच्युइटी | ३०,००० | ३६,००० |
| आरोग्य विम्याचा हप्ता | २७,१२० | पॅकेजबाहेर |
| एकूण पॅकेज | १८,००,००० | १६,००,००० |

पहिल्या दोन ओळींची बेरीज करा. हा तुमचा ठरलेला मासिक पगार, कापाकापी होण्याआधीचा. पहिल्या ऑफरमध्ये तो १२,४८,००० येतो, म्हणजे महिन्याला १,०४,०००. दुसऱ्यात १४,४२,४००, म्हणजे महिन्याला १,२०,२००. कमी पॅकेजवाली ऑफर इथे महिन्याला सोळा हजारांनी पुढे आहे.

न दिसणारे पैसे बाजूला काढा

ग्रॅच्युइटीपासून सुरुवात करू. ती शेवटच्या मासिक बेसिकच्या २६ पैकी १५ दिवसांएवढी, सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी मिळते. पहिल्या ऑफरमध्ये मासिक बेसिक ५२,००० आहे, त्याला १५ ने गुणून २६ ने भागलं की बरोबर ३०,००० येतात. मात्र कायम नोकरीत ती मिळायला साधारणपणे पाच वर्षं सेवा व्हावी लागते. तीन वर्षांत नोकरी बदलायचा विचार असेल, तर ही ओळ तुमच्यासाठी शून्य समजा. कंपनी ती पॅकेजमध्ये धरते, कारण तिला तशी तरतूद करावी लागते. ठरावीक मुदतीच्या करारावर घेत असतील तर नियम वेगळा आहे. नव्या कामगार संहितेत अशा कर्मचाऱ्याला एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो.

विम्याचा हप्ता हा खरा लाभ आहे, पण तो पगार नाही. त्याचा विचार वेगळा करू. जॉइनिंग बोनस एकदाच मिळतो, तोही काढून ठेवा. दुसऱ्या वर्षी हीच नोकरी करताना तुमचं पॅकेज १८ लाखांचं नसेल, १६.५ लाखांचं असेल. ऑफर लेटरच्या पहिल्या पानावर मात्र १८ च छापलेलं असतं.

हातात येणारा पगार

मासिक पगारातून तीन गोष्टी कापल्या जातात: तुमचा पीएफ, व्यवसाय कर आणि आयकर.

व्यवसाय कर किरकोळ आहे. महाराष्ट्रात या पगाराला महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५००.

पीएफमध्ये मात्र दोन ऑफर्सचा मोठा फरक पडतो. कायद्याने १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर १२ टक्के, म्हणजे महिन्याला १,८०० भरले तरी चालतात. दुसरी कंपनी तेवढेच भरते. पहिली कंपनी पूर्ण बेसिकवर १२ टक्के भरते, म्हणजे ६,२४० तिच्याकडून आणि ६,२४० तुमच्या पगारातून. कंपनीचा वाटाही तुमच्याच पॅकेजमधून आलेला असतो, त्यामुळे अशा कंपनीत बेसिक १०,००० ने वाढवून पॅकेज तेच ठेवलं, तर हातातले २,४०० पीएफकडे वळतात. ते पैसे बुडत नाहीत, पण घराच्या हप्त्याला उपयोगी पडत नाहीत.

बेसिकबद्दल आणखी एक गोष्ट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार, भत्ते आणि तत्सम वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर निम्म्यावरचा भाग वेतनातच धरला जातो. त्यामुळे ३० टक्के बेसिक दाखवणारं जुन्या धाटणीचं ब्रेकअप आलं, तर ते बदलणार आहे का आणि बदललं तर हातात किती येईल, हे आत्ताच विचारून घ्या. पीएफ १,८०० वरच ठेवणाऱ्या कंपनीत या बदलाने पीएफची कपात वाढत नाही.

आता आयकर. नव्या प्रणालीत पगारातून ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते. उरलेलं करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य होतो. त्याच्या वर थोडंसंच गेलात तर थोडा दिलासा मिळतो, पण बरंच वर गेलात की ४ लाखांच्या पुढच्या सगळ्या टप्प्यांवर कर लागतो: ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १० टक्के, १२ ते १६ वर १५ टक्के, आणि एकूण करावर ४ टक्के उपकर.

पहिल्या ऑफरचा ठरलेला पगार १२,४८,०००. वजावट गेल्यावर ११,७३,०००, म्हणजे कर शून्य. महिन्याचा हिशोब १,०४,००० वजा ६,२४० वजा २००. हातात ९७,५६०.

दुसऱ्या ऑफरचं करपात्र उत्पन्न १३,६७,४००. त्यावर १२ लाखांपर्यंतचा ६०,००० कर, वरच्या १,६७,४०० चे १५ टक्के म्हणजे २५,११०, आणि उपकर मिळून ८८,५१४. महिन्याला सुमारे ७,३७६. तेव्हा १,२०,२०० वजा १,८०० वजा २०० वजा ७,३७६. हातात सुमारे १,१०,८२४.

म्हणजे कर भरूनही १६ लाखांची ऑफर महिन्याला सव्वातेरा हजार जास्त देते. भाडं, हप्ते, मुलांची फी यांचं गणित याच आकड्यावर चालतं, म्हणून तुलनेत सर्वात आधी हाच आकडा लिहावा.

एचआरए किती दाखवलाय यावरून भुरळ पडू देऊ नका. नव्या करप्रणालीत एचआरएवर सूट मिळत नाही, त्यामुळे तिथे एचआरए आणि स्पेशल अलाउन्स यांत करापुरता फरक नाही. भाडं मोठं असेल, गृहकर्ज आणि ८०सीच्या गुंतवणुकी भरपूर असतील, तरच जुन्या प्रणालीचा हिशोब स्वतंत्र करून बघा.

व्हेरिएबलचं खरं वजन

इथे थोडं थांबायला हवं, कारण पहिल्या ऑफरचं सगळं आकर्षण या ओळीत आहे.

२,७०,००० हे 'टार्गेट' व्हेरिएबल आहे. प्रत्यक्षात किती मिळेल हे सहसा दोन गुणकांवर ठरतं: कंपनीचा किंवा तुमच्या विभागाचा निकाल आणि तुमचं स्वतःचं रेटिंग. कंपनीचा निकाल ८० टक्के आणि तुमचं रेटिंग ९० टक्के आलं, तर हातात ७२ टक्के येतात. तुम्ही कितीही चांगलं काम केलं तरी पहिला गुणक तुमच्या हातात नाही.

म्हणून एचआरला हे चार प्रश्न विचारावेत. माझ्या लेव्हलला गेल्या तीन वर्षांत सरासरी किती टक्के पे-आउट झाला? तो तिमाही मिळतो, सहामाही की वर्षातून एकदा? पे-आउटच्या तारखेला मी रोलवर असणं आवश्यक आहे का, आणि तेव्हा नोटीस पिरियडमध्ये असलो तर काय? वर्षाच्या मध्ये रुजू झालो तर पहिल्या वर्षी प्रमाणात मिळेल की काहीच नाही? पहिल्या प्रश्नाचं उत्तर "आमच्याकडे सगळ्यांना छान मिळतं" असं आलं, तर त्या कंपनीत काम करणाऱ्या ओळखीच्याला विचारा. कुठल्याही एचआरपेक्षा तो सरळ सांगेल.

समजा माहिती काढल्यावर पहिल्या कंपनीत ७० टक्के आणि दुसरीत ९० टक्के धरावे असं दिसलं. पहिल्या ऑफरचं व्हेरिएबल मग १,८९,०००. आता करपात्र उत्पन्न ११,७३,००० वरून १३,६२,००० वर जातं, १२ लाखांची रेषा ओलांडली जाते आणि शून्यावरचा कर थेट ८७,६७२ होतो. १,८९,००० मधून हातात उरतात १,०१,३२८. निम्म्याला थोडेच कमी पैसे करात गेले. हे या ऑफरचं वैशिष्ट्य आहे: ठरलेला पगार रेषेच्या अलीकडे आणि व्हेरिएबल पलीकडे. ठरलेला पगार १२.७५ लाखांच्या आसपास असलेल्या कुठल्याही ऑफरमध्ये हा हिशोब मुद्दाम करा.

दुसऱ्या ऑफरमध्ये ९०,००० व्हेरिएबल मिळालं. तिथे रेषा आधीच ओलांडलेली आहे, त्यामुळे जास्तीचा कर फक्त १४,०४० आणि हातात ७५,९६०.

पगाराच्या दिवशी हा फरक कसा दिसतो तेही माहीत असू द्या. काही कंपन्या व्हेरिएबल पूर्ण मिळेल असं धरून पहिल्या महिन्यापासूनच कर कापतात, तेव्हा पहिल्या ऑफरचे ९७,५६० दिसणारच नाहीत. महिन्याचा पगार आठ हजारांहून जास्त कमी येईल. काही कंपन्या ते धरत नाहीत आणि पे-आउटच्या महिन्यात एकदम कर कापतात. वर्षाचा कर तोच, पण पहिल्या पेस्लिपला दचकायला होतं. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलत असाल तर जुन्या कंपनीतलं उत्पन्न नव्या कंपनीला लेखी कळवा. नाहीतर दोन्हीकडे वजावट आणि शून्य कराचा टप्पा धरला जातो आणि रिटर्न भरताना एकदम मोठी रक्कम भरावी लागते.

सगळं एकत्र मांडलं तर

जॉइनिंग बोनस सोडून, एका पूर्ण वर्षाचं चित्र असं दिसतं:

| | पहिली (१८ लाख) | दुसरी (१६ लाख) |
|---|---|---|
| ठरलेल्या पगारातून हातात | ११,७०,६२० | १३,२९,७८६ |
| व्हेरिएबल, कर जाऊन | १,०१,३२८ | ७५,९६० |
| पीएफ, दोन्ही वाटे | १,४९,७६० | ४३,२०० |
| एकूण | १४,२१,७०८ | १४,४८,९४६ |

दोन लाखांनी कमी पॅकेज असलेली ऑफर वर्षाला सुमारे २७,००० जास्त देते. शिवाय तिच्यातला हातात येणारा भाग जास्त आहे आणि अटींवर अवलंबून असलेला भाग कमी.

पण पहिली ऑफर लगेच नाकारायचीही घाई नको. व्हेरिएबल १०० टक्के मिळालं तर तिची बेरीज १४,९०,०७२ होते, दुसरीचीही १०० टक्के धरली तर १४,५७,३८६. मग पहिली पुढे जाते. दुसरीकडे ९० टक्केच मिळतील असं धरलं, तर पहिल्या कंपनीत साधारण ८२ टक्के पे-आउट मिळाला की दोन्ही बरोबरीला येतात. तुलनेतून काढायचा खरा आकडा हाच आहे. तुमचा प्रश्न आता "१८ की १६" असा उरत नाही. या कंपनीत, माझ्या लेव्हलला, ८२ टक्क्यांहून जास्त पे-आउट दर वर्षी मिळण्याची शक्यता किती, एवढंच शोधायचं आहे.

पीएफचं वजन ज्याने त्याने ठरवावं. पहिल्या ऑफरमध्ये पीएफला वर्षाला लाखभर रुपये जास्त जातात आणि त्यावर व्याज मिळतं. २०२४-२५ साठी ते ८.२५ टक्के होतं. एरवी बचत होत नसेल तर हे वाईट नाही. पण डोक्यावर हप्ते असतील, तर मी पीएफची रक्कम बेरजेत धरूनसुद्धा हातातल्या पैशाला जास्त महत्त्व देईन. पीएफ १,८०० वर आणता येतो का हे रुजू होतानाच विचारा, आणि त्यात एक खोच आहे ती पाहा: कंपनीच्या वाट्यातून वाचलेली रक्कम स्पेशल अलाउन्समध्ये वळते की पॅकेजमधून गायब होते?

जॉइनिंग बोनस आणि विमा

पहिल्या ऑफरचा १,५०,००० चा बोनस इथल्या १५ टक्क्यांच्या टप्प्यात पडला तर २३,४०० कर जाऊन हातात १,२६,६०० येतात. पहिल्या वर्षापुरती ही ऑफर त्याच्या जोरावर पुढे दिसेल. पण वसुलीची अट वाचा. बहुतेक पत्रांत वर्षाच्या किंवा दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर बोनस परत द्यावा लागतो, आणि कित्येकदा तो करासकट पूर्ण, म्हणजे हातात १,२६,६०० आलेले असताना १,५०,००० मागितले जातात. "प्रमाणात वसुली" आणि "पूर्ण वसुली" यांतला फरक त्या एका ओळीत असतो. अकराव्या महिन्यात सोडल्यास किती द्यावे लागतील, हे लेखी विचारून ठेवा.

विम्यात हप्त्याची रक्कम पाहून उपयोग नाही. आईवडील त्यात आहेत का, विमा रक्कम सगळ्या कुटुंबाला मिळून किती, खोलीभाड्याला मर्यादा आहे का आणि दाव्यातला किती टक्के भाग स्वतः भरायचा, एवढं विचारा. पहिल्या कंपनीत आईवडील घालायला वेगळा हप्ता पगारातून कापला जात असेल आणि दुसऱ्या कंपनीत ते आधीच असतील, तर तेवढी रक्कम पहिल्या ऑफरच्या बेरजेतून वजा करा. साठी ओलांडलेल्या आईवडिलांसाठी बाहेर विमा घेणं महाग पडतं, आधीचे आजार असतील तर अवघडही, म्हणून ज्यांच्या घरी हा प्रश्न आहे त्यांच्यासाठी ही ओळ कधीकधी सगळ्या आकड्यांना मागे टाकते.

बोलणी कशावर करायची

हिशोब झाल्यावर एचआरकडे "अजून दोन लाख वाढवा" असं म्हणू नका. पॅकेज वाढवायला कंपनीला वरची मंजुरी लागते, रचना बदलायला सहसा कमी. पहिल्या कंपनीला असं सांगता येईल: "मॅडम, एकूण पॅकेज तेच ठेवा, पण व्हेरिएबलमधले एक लाख फिक्स्डमध्ये आणता येतील का?" जमत नसेल, तर पहिल्या वर्षाचं व्हेरिएबल तरी हमीचं मागा, म्हणजे निकाल काहीही लागला तरी ते मिळेल. दुसऱ्या कंपनीकडे पगारवाढीची कट-ऑफ तारीख विचारा. काही ठिकाणी ठरावीक महिन्यानंतर रुजू झालेल्यांना पुढच्या वाढीत धरत नाहीत, आणि त्यात एक वर्ष सहज जातं.

फोनवर कबूल झालेलं काहीही सुधारित ऑफर लेटरमध्ये आलंय का ते तपासा. तीन जागा बघायच्या: अ‍ॅनेक्शरमधली फिक्स्ड आणि व्हेरिएबलची ओळ, बोनस वसुलीचं कलम आणि नोटीस पिरियड. दुसऱ्या कंपनीचं पत्र येईपर्यंत पहिल्या कंपनीला होकाराची मुदत वाढवून मागायला संकोचू नका, आणि सही केलेलं पत्र हातात येण्याआधी सध्याच्या नोकरीचा राजीनामा देऊ नका.